घर बदललं की पीसी बंद पडतो: कूलर, ग्राफिक्स कार्ड आणि हार्ड डिस्क सांभाळून कशी न्यायची

मे-जून आला की नागपुरात घरं बदलायची गडबड सुरू होते. कॉलेजची मुलं रूम बदलतात, नोकरदारांच्या बदल्या निघतात, भाड्याचे करार संपतात. त्याच दिवसांत माझ्या टेबलावर एकाच तक्रारीचे असेंबल्ड पीसी येऊ लागतात. "भाऊ, काल रात्रीपर्यंत तं मस्त चालू होता. सामान हलवलं आन् आता डिस्प्लेच नाही येऊन राहिला." रॅम काढून पुसून बसवली की बहुतेक वेळा डिस्प्ले येतो, माणूस खूश होऊन जातो आणि पुढच्या शिफ्टिंगनंतर तोच पीसी तीच तक्रार घेऊन परत येतो. म्हणून आज दुरुस्तीपेक्षा हे पुन्हा पुन्हा का होतं आणि ते थांबवायचं कसं, यावर लिहितो.

दुखणं कुठे आहे

टेबलावर उभ्या असलेल्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड भिंतीसारखा उभा असतो आणि सगळ्या जड वस्तू त्यावर आडव्या लटकलेल्या असतात. टॉवर पद्धतीचा सीपीयू कूलर बोर्डापासून १५-१६ सेंटीमीटर बाहेर येतो, वजन ७०० ग्रॅमपासून सव्वा किलोपर्यंत. तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड एक ते दीड किलोचं, कधी त्याहून जड. त्याला आधार किती, तर मागच्या पट्टीचे दोन स्क्रू, खालचा प्लास्टिकचा स्लॉट आणि स्लॉटच्या टोकाची नखाएवढी खटकी. कार्डाचं दुसरं टोक हवेत असतं.

पीसी एका जागी उभा असेपर्यंत हे वर्षानुवर्षं चालतं, कारण ताण एकसारखा असतो. रस्त्यावर तसं राहत नाही. आपले सिमेंट रोड वरून सपाट दिसतात, पण सिमेंट संपून गट्टू किंवा जुनं डांबर लागतं तिथे पायरी असते, आणि चौकाआधी ब्रेकर असतोच. त्यात छोटा हत्ती अर्धा रिकामा असला की मागचे पाटे दबत नाहीत आणि गाडी उडते. त्या प्रत्येक उडीत कूलरचं वजन क्षणभर कितीतरी पट होऊन बोर्डाला खाली ओढतं. कूलरचा स्क्रू सैल होतो, कार्ड स्लॉटमधून एका बाजूने उचललं जातं, डिस्कला बोर्डाशी जोडणारी साटा केबल अर्धी निघते. यातलं काहीच बाहेरून दिसत नाही.

यातून पहिली आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट निघते: कॅबिनेट उभं नेऊ नका, आडवं न्या. ज्या बाजूला मदरबोर्ड लावलेला आहे ती बाजू खाली, काचेची किंवा उघडणारी बाजू वर. बहुतेक कॅबिनेटमध्ये समोरून पाहिलं तर उजवी बाजू खाली जाते. असं ठेवलं की कूलरचं वजन सरळ प्रोसेसरवर खाली दाबतं आणि कार्ड स्लॉटमध्ये उभं राहून आपल्याच वजनाने आत बसतं. जो ताण उपटत होता तोच आता दाबायला लागतो. करकचून ब्रेक लागला की मात्र उंच कूलर पुढे झुकतोच. म्हणून जड भागांसाठी नुसतं आडवं ठेवणं पुरत नाही.

एक पीसी, तीन बिघाड

मानेवाड्याहून हिंगणा रोडच्या रूमवर गेलेल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाचा पीसी पाहू, कारण त्यात तिन्ही दुखणी एकत्र सापडली. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, त्यावर टॉवर कूलर, तीन पंख्यांचं कार्ड, विंडोज एनव्हीएमई एसएसडीवर आणि डेटासाठी ३.५ इंची २ टीबीची हार्ड डिस्क. छोट्या हत्तीत आलमारी आणि सिलिंडरच्या मधे कॅबिनेट उभं ठेवून दोरीने आवळलेलं. त्याच्या आधीच्या शिफ्टिंगलाही डिस्प्ले गेला होता, तेव्हा कुणीतरी रॅम पुन्हा बसवून दिली होती.

चालू केल्यावर पंखे फिरत होते, स्क्रीन काळी. मदरबोर्डाच्या कोपऱ्यात सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावं लिहिलेले चार बारके दिवे असतात, त्यातला व्हीजीएचा पेटून राहिलेला. म्हणजे रॅमपर्यंत सगळं ठीक होतं, अडलं होतं कार्डापाशी. टॉर्च मारून पाहिलं तर कार्डाचं मोकळं टोक बोटभर खाली झुकलेलं, स्लॉटची खटकी तुटलेली आणि मागच्या पट्टीचा एक स्क्रू गायब. तो स्क्रू एसएमपीएसच्या झाकणाखाली लोळत होता. असा सुटा स्क्रू राहू दिला तर बोर्डाच्या मागे अडकून शॉर्ट करू शकतो, त्यामुळे तो सापडेपर्यंत वीज जोडायची नाही.

कार्ड काढलं. स्लॉटमधल्या पितळी पट्ट्या सरळ होत्या, प्लास्टिकला तडा नव्हता, कार्डाच्या हिरव्या-काळ्या पाटीवर खटकीजवळच्या कोपऱ्यात चीर नव्हती. ही जागा निरखून पाहायलाच हवी, कारण जड कार्ड लटकत राहिलं की पाटी तिथूनच तडकते आणि आतल्या बारीक तारा तुटल्या की ते कार्ड सहसा परत येत नाही. या मुलाचं नशीब चांगलं. कार्ड पुन्हा दाबून बसवलं, दोन्ही स्क्रू लावले, मोकळ्या टोकाखाली आधाराची दांडी दिली आणि डिस्प्ले आला.

इथेच थांबून पीसी परत दिला असता तर तो आठवड्यात पुन्हा आला असता. मी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, सीपीयूचं तापमान उघडून ठेवलं. बायोसमध्ये प्रोसेसरला फारसं काम नसतं, आकडा एका जागी स्थिरावायला हवा. इथे तो ५२, मग ६८, मग ८४ असा चढतच गेला. पीसी लगेच बंद केला. कूलर दोन बोटांनी हलवला तर एका बाजूने डुगडुगत होता. स्प्रिंगच्या दोन स्क्रूंपैकी एक सैल झाला होता. कूलर उचलल्यावर खालच्या, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या पेस्टचा ठसा अर्ध्याच भागात उमटलेला दिसला. उरलेला अर्धा प्रोसेसर कूलरला टेकतच नव्हता. जुनी पेस्ट पुसून नवी लावली, दोन्ही स्क्रू आलटून पालटून आवळले, आणि बायोसमधला आकडा ४१ वर येऊन थांबला.

तिसरं दुखणं विंडोजमध्ये दिसलं. डेटाची डिस्क मधेच गायब होई, फाइल कॉपी करताना अडकत होती. मुलगा घाबरून म्हणाला, "दादा, डिस्क गेली काय जी? प्रोजेक्ट त्याच्यातच हाय." CrystalDiskInfo या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये `05` आणि `C5` या ओळींचे आकडे शून्य होते, `C7` चा मात्र वाढत होता. `05` आणि `C5` डिस्कच्या पृष्ठभागाची हालत सांगतात, `C7` म्हणजे डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या वाटेवर डेटा बिघडतोय. वाट म्हणजे साटा केबल. खटका नसलेली केबल धक्क्याने निम्मी निघाली होती. खटक्याची नवी केबल लावली. `C7` चा जुना आकडा पुसला जात नाही, पण तो पुढे वाढला नाही तर बिघाड मिटला असं समजायचं. उलट `C5` वाढताना दिसला असता तर केबलला हात न लावता आधी डेटा काढून घ्यायला सांगितलं असतं.

डिस्प्ले जाणं हे या तिघांतलं सगळ्यात साधं दुखणं होतं. सैल कूलर आणि सैल केबल दोन्ही मुकाट्याने नुकसान करत राहिले असते.

"पुढच्या वर्षी पुन्हा रूम बदलाव लागन, मंग?" असं त्याने विचारलं. पुढचं सगळं त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सामान बांधायच्या आदल्या दिवशी

पीसी चालू असतानाच तीन कामं उरकून घ्या. डेटाची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क वेगळ्या बॅगेत ठेवा. नंतर सीपीयूचं तापमान रिकाम्या वेळेत आणि खेळ चालू असताना किती असतं, हे खोलीच्या तापमानासकट लिहून ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ४० च्या आसपास असते, त्यामुळे नव्या घरी एसीत आकडा कमी दिसला किंवा पत्र्याच्या खोलीत जास्त दिसला तर त्याचा अर्थ लावायला जुना आकडा हवा.

तिसरं काम बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. विंडोज ११ च्या बऱ्याच पीसीत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. हलवल्यानंतर डिस्प्ले येत नाही म्हणून कुणी बायोस रीसेट केलं आणि त्यातली टीपीएमची, म्हणजे या कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या चिपची सेटिंग बदलली, तर पीसी सुरू होताना निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डेटा तुमचाच असून तुम्हाला मिळत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका:

```
manage-bde -protectors -get C:
```

यात अंकी पासवर्ड म्हणून जी ४८ आकड्यांची ओळ दिसते, ती कागदावर उतरवून ठेवा. पीसीतच फाइल करून ठेवली तर काही उपयोग नाही.

मग पीसी नीट बंद करा, वीज काढा, आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. बाजू उघडून मोबाइलने फोटो काढा: कुठली केबल कुठे, कूलरचा पंखा कुठल्या दिशेला, समोरच्या बटणांच्या बारक्या तारा कुठल्या पिनांवर. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा आणि काम करताना मधे मधे लावत राहा. एप्रिल-मेमधल्या आपल्या कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज सहज साठते आणि कार्डाला तेवढी पुरते.

ग्राफिक्स कार्ड: काढाच

कार्ड गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला जात असलं तरी मी काढायलाच सांगतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि पीसीतला बहुतेक वेळा सगळ्यात महाग भाग तोच असतो.

आधी कार्डाच्या वीज केबल काढा. खटका पूर्ण दाबून केबलच्या डोक्याला धरून ओढायचं, तारांना नाही. मागच्या पट्टीचे स्क्रू काढा. मग स्लॉटच्या टोकाची खटकी दाबा. ती कार्डाच्या आणि कूलरच्या मधे दडलेली असते, बोट पोहोचत नाही, आणि तिथेच लोक स्क्रूड्रायव्हर खुपसतात. तो घसरला की बोर्डावर ओरखडा उठतो, एवढ्याने बोर्ड मरतो. प्लास्टिकची पट्टी किंवा आइस्क्रीमची काडी वापरा. खटकी सुटल्याचा टक् असा आवाज येईपर्यंत कार्ड ओढू नका. सुटल्यावर दोन्ही टोकांना धरून सरळ वर काढा, झुलवत नाही.

कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घाला. मूळ खोका असेल तर त्यातच, नसेल तर पिशवीवर बबल रॅपचे दोन वेढे आणि मग घट्ट बसेल असा पुठ्ठ्याचा खोका. बबल रॅप कार्डाला थेट गुंडाळू नका, साधं प्लास्टिक घासलं की त्यावर स्थिर वीज तयार होते. रिकाम्या स्लॉटवर कागदाची चिकटपट्टी हलकेच लावली की धूळ आत जात नाही.

स्क्रूंचीही काळजी घ्या. कार्डाचे आणि ३.५ इंची डिस्कचे स्क्रू सहसा जाड आट्यांचे असतात, २.५ इंची एसएसडीचे बारीक आट्यांचे. एकाच्या जागी दुसरा जबरदस्तीने फिरवला की आटे जातात. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या छोट्या पिशवीत घालून वर नाव लिहा.

सीपीयू कूलर: कधी काढायचा, कधी नाही

इथे मात्र सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही, कारण काढणं हीसुद्धा जोखीम आहे.

प्रोसेसरसोबत आलेला ठेंगणा कूलर असेल तर राहू द्या. तो बोर्डाजवळच बसलेला असतो, त्याला झुकायला जागा नसते. इंटेलच्या जुन्या पद्धतीच्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्या चारही बोर्डाच्या मागून पूर्ण बाहेर आलेल्या दिसतात का तेवढं बघा. एखादी अर्धवट असेल तर धक्क्याने तीच आधी सुटते.

७०० ग्रॅमच्या वरचा टॉवर कूलर असेल आणि पीसी बाहेरगावी जाणार असेल, किंवा ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत, पार्सलमध्ये, म्हणजे तुमच्या नजरेआड जाणार असेल, तर काढा. मोठे कूलर बनवणारेही वाहतुकीआधी ते काढून ठेवायला सांगतात. शहरातल्या शहरात, तुमच्याच गाडीत, आडवा ठेवून नेणार असाल तर मी तो जागेवरच ठेवतो. फक्त निघायच्या आधी स्क्रू तपासतो आणि कूलर व रॅमच्या मधल्या फटीत अँटिस्टॅटिक पिशवीत गुंडाळलेला मऊ फोम अलगद बसवतो. तो फोम कूलरला टेकला पाहिजे, ढकलायला नको. थर्माकोल आत कधीच घालू नका. त्याचे मणी पंख्यात जातात आणि तो घासून वीजही तयार करतो.

काढायचा असेल तर मुलाच्या या पीसीसारख्या एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर एक मोठा धोका आहे. या प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात आणि सॉकेट त्यांना फक्त बाजूने चिमटून धरतं. पेस्ट वाळून घट्ट झालेली असली आणि कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसरही कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, सॉकेटची दांडी बंद असतानासुद्धा. त्यात पिना वाकतात. म्हणून आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं एखादा खेळ किंवा जड काम लावून गरम करा, बंद करा, वीज काढा, आणि पेस्ट कोमट असतानाच काम सुरू करा. कूलरच्या पंख्याची वायर बोर्डावरून काढा. दोन्ही स्क्रू आलटून पालटून अर्धा अर्धा फेरा सैल करत जा. मग कूलर वर न ओढता बोर्डाच्या पातळीतच डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरवा. पकड सुटल्याचं हाताला कळतं, आणि तेव्हाच उचला. तरीही प्रोसेसर सोबत आलाच तर तो घाईने परत दाबू नका. कूलरवरून अलगद सरकवून काढा, उजेडात पिनांच्या ओळी तिरप्या धरून पाहा, आणि सगळ्या सरळ असतील तरच सॉकेटची दांडी उचलून वजन न देता ठेवा.

एएम५ आणि इंटेलच्या बोर्डांवर हा धोका नाही. तिथे प्रोसेसर धातूच्या चौकटीने दाबलेला असतो, तो कूलरसोबत येत नाही. त्याला आतच राहू द्या. त्या बोर्डांच्या पिना सॉकेटमध्ये असतात आणि प्रोसेसर हेच त्यांचं सगळ्यात चांगलं झाकण आहे.

नव्या घरी कूलर बसवताना जुन्या पेस्टवर पुन्हा ठेवू नका, मधे हवा अडकते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने दोन्ही बाजू पुसा, प्रोसेसरच्या मधोमध ४-५ मिलिमीटरचा ठिपका द्या, कूलर सरळ खाली ठेवा आणि स्क्रू पुन्हा आलटून पालटून आवळा. पंख्याची वायर लावायला विसरू नका. ती नसेल तर बरेच बोर्ड सुरू होताना तक्रार करतात, काही करत नाहीत.

पाण्याचा कूलर असेल तर तो काढू नका. पंपाचा भाग हलका असतो आणि रेडिएटर कॅबिनेटला आवळलेला असतो. पोचल्यावर सुरुवातीला थोडा गुळगुळ आवाज आला तर तो आतल्या हवेचा, काही वेळात थांबायला हवा.

डिस्क

एनव्हीएमई एसएसडीची काळजी नको. तिचा एक स्क्रू घट्ट आहे ना, एवढं पुरे. २.५ इंचीच्या एसएसडीतही हलणारं काही नसतं.

३.५ इंची हार्ड डिस्कचं वेगळं आहे. बंद झाल्यावर तिची मुंडी तबकडीवरून बाजूला जाऊन स्थिरावते, म्हणून माहितीपत्रकात बंद डिस्कला २५०-३०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तेवढ्या पट धक्का चालतो असं लिहिलेलं असतं आणि चालू डिस्कला त्याच्या जेमतेम चौथाई. त्यामुळे शटडाऊन दिल्यावर लगेच कॅबिनेट उचलू नका. तबकडी थांबायला अर्धा मिनिट द्या. पीसी झोपवलेला म्हणजे स्लीपमध्ये असताना तर मुळीच हलवू नका.

आकडे मोठे वाटतात, पण कडक फरशीवर हातभर उंचीवरून डिस्क पडली तरी ती मर्यादा ओलांडू शकते. म्हणून ३.५ इंची डिस्क मी काढून घेतो: अँटिस्टॅटिक पिशवी, बबल रॅप, आणि माझ्या खांद्यावरच्या बॅगेत. टेम्पोत नाही. उन्हात बंद उभ्या टेम्पोची आपल्याकडे भट्टी होते आणि बऱ्याच डिस्कची बंद असतानाची तापमानाची मर्यादा ७० अंशांच्या आसपास असते. आधीच गरम झालेल्या वस्तूवर धक्केही बसू द्यायचे नाहीत.

कॅबिनेट बांधणं आणि गाडी

काचेची बाजू काढून वेगळी न्या. चादरीत गुंडाळून उभी, दोन गाद्यांच्या मधे. एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: कडक काच फरशीवर कडेने टेकवू नका. टाइलच्या कठीण कणावर काचेचा कोपरा नुसता टेकला तरी ती पूर्ण फुटून दाणे दाणे होते. सतरंजी किंवा पुठ्ठा आधी अंथरा, मग काच ठेवा.

काचेच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा कापून चिकटवा. मूळ खोका आणि त्याचे फोमचे दोन तुकडे असतील तर त्याहून चांगलं काही नाही, आणि खोका आडवा ठेवला तरी चालतो. नसेल तर चारही बाजूंनी चार-पाच सेंटीमीटर फोम राहील एवढा खोका घ्या. हलवल्यावर आत काही सरकायला नको. आत फोम ठेवला असेल तर मागच्या वीज सॉकेटवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहा: "आत फोम आहे, काढल्याशिवाय चालू करू नये." सॉकेटवर पट्टी असली की ती काढल्याशिवाय केबल लावताच येत नाही.

टेम्पोत मागच्या चाकांच्या वर सगळ्यात जास्त उसळी बसते. केबिनजवळची जागा बरी, खाली गादी, आणि वर दुसरं काही नाही. कार असेल तर डिक्कीत गादीवर आडवं. स्कूटीवर पाय ठेवायच्या जागेत उभं नेणं म्हणजे वर सांगितलेलं सगळं एकदम ओढवून घेणं. समृद्धीवरून पुणे-मुंबईकडे जाणाऱ्यांना वाटतं की रस्ता चांगला म्हणजे धोका नाही. रस्त्याचा त्रास खरंच कमी होतो, पण लांबच्या प्रवासात सामान चढवताना-उतरवताना हमालाच्या हातून जे आपटतं ते रस्त्यापेक्षा वाईट असतं. त्यामुळे लांब जाताना कार्ड, जड टॉवर कूलर, डिस्क तिन्ही बाहेर काढा.

पोचल्यावर, आणि डिस्प्ले आला नाही तर

उन्हातून आलेला पीसी तासभर सावलीत राहू द्या. पावसाळ्यात किंवा थंडीच्या रात्रीच्या प्रवासानंतर आणखी जास्त, आतला ओलावा निघून जायला हवा. कॅबिनेट हळूच कलंडवून कान द्या: खुळखुळ आवाज म्हणजे सुटा स्क्रू. कार्ड, कूलर, डिस्क बसवा. मग बोर्डाची मोठी २४ पिनांची केबल, प्रोसेसरजवळची ८ पिनांची केबल आणि रॅमची दोन्ही टोकं हाताने दाबून खात्री करा.

तरी स्क्रीन काळी राहिली तर सगळ्यात आधी मॉनिटरची केबल कुठे लावली ते बघा. घाईत ती मदरबोर्डाच्या एचडीएमआयमध्ये जाते. रायझन ५ ५६०० किंवा नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसतं, तिथून डिस्प्ले कधीच येणार नाही. केबल कार्डाच्या मागेच हवी. ती बरोबर असेल तर बोर्डावरचे दिवे वाचा. डीरॅमचा पेटून राहिला तर वीज काढून एकच रॅम, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. व्हीजीएचा पेटला तर कार्ड पुन्हा बसवा आणि त्याच्या वीज केबल तपासा. सीपीयूचा पेटला तर प्रोसेसरजवळची ८ पिनांची केबल आणि, एएम४ वर कूलर काढला असेल तर, पिना. बूटचा पेटला तर पीसी ठीक आहे, डिस्क दिसत नाही एवढंच. हे सगळं करण्याआधी बायोस रीसेट करू नका, आणि करावंच लागलं तर ती ४८ अंकी की हाताशी ठेवा.

डिस्प्ले आल्यावर लगेच विंडोजमध्ये जाऊ नका. बायोसमध्ये तापमानावर पाच मिनिटं नजर ठेवा. लिहून ठेवलेल्या आकड्याजवळ थांबलं तर पुढे जा, चढत राहिलं तर बंद करून कूलर पुन्हा बसवा. विंडोजमध्ये गेल्यावर `C7` चा आकडा बघा, एखादी मोठी फाइल डिस्कवर कॉपी करा आणि तो पुन्हा बघा.

स्लॉटच्या प्लास्टिकला तडा, कार्डाच्या पाटीवर चीर किंवा डिस्कमधून ठराविक अंतराने टक् टक् आवाज, यातलं काही दिसलं-ऐकलं तर घरी पुढे काही करू नका. तडकलेल्या स्लॉटमध्ये कार्ड लावून चालू केलं तर कार्डही जाऊ शकतं. टक् टक् करणारी डिस्क जितका वेळ चालू राहील तितका आतला डेटा परत मिळायची शक्यता कमी होत जाते. तिची वीज तिथेच काढा आणि ती तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.